फोनमध्ये जागा, तरी ‘स्टोरेज फुल’: व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगलचे 15 जीबी कसे संपवतो?

धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी डोळ्यांसमोर आणा. वर्षभरापूर्वी घेतलेला 128 जीबीचा फोन अजून अर्ध्यापेक्षा जास्त रिकामा आहे. तरीही ‘स्टोरेज भरले आहे’ अशी सूचना रोज येते. सुरुवातीला ते तिकडे लक्ष देत नाहीत, कारण फोन नीट चालतो आहे. मग एके दिवशी तालुक्याहून विचारणा होते, ‘गुरुजी, ई-मेल पाठवून चार दिवस झाले, माहिती कुठे आहे?’ ई-मेल आलेलाच नसतो. गुरुजींच्या जीमेलने नवे मेल घेणे थांबवलेले असते.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी असा अनुभव नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि आशाताई यांच्यापैकी कुणालाही येऊ शकतो. भरलेली जागा फोनमधली नसते. ती असते गुगलने प्रत्येक खात्याला दिलेली 15 जीबीची मोफत जागा, आणि ती भरण्यात मोठा वाटा असतो रात्री गुपचूप होणाऱ्या व्हॉट्सॲपच्या बॅकअपचा. घाईने केलेली साफसफाई मात्र याहून मोठे नुकसान करू शकते. म्हणून आधी कारण समजून घ्यावे, मग हात घालावा.

नियम बदलला, सवय तीच राहिली

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल खात्यात जातो. 2018 साली व्हॉट्सॲप आणि गुगल यांच्यात करार झाला आणि 12 नोव्हेंबर 2018 पासून हा बॅकअप मोफत जागेत मोजणे बंद झाले. बॅकअप कितीही मोठा असला तरी खात्यातली जागा कमी होत नव्हती. पाच वर्षे लोकांनी निर्धास्तपणे सगळे साठवले.

नोव्हेंबर 2023 मध्ये ही सवलत संपत असल्याचे जाहीर झाले. डिसेंबर 2023 पासून चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांना आणि 2024 च्या पहिल्या सहामाहीत टप्प्याटप्प्याने सर्वांना नवा नियम लागू झाला. आता बॅकअपचा प्रत्येक एमबी त्या 15 जीबीत मोजला जातो. त्याच 15 जीबीत जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटोज हेही बसवायचे असतात. त्यातल्या फोटोजची अमर्याद सवलत तर 1 जून 2021 पासूनच बंद झाली आहे. थोडक्यात, पूर्वी तीन कोठ्या होत्या, त्यातल्या दोनांना तळच नव्हता. आता सगळे धान्य एकाच छोट्या कणगीत ओतले जाते.

आयफोनवर हाच प्रकार आयक्लाउडमध्ये होतो. तिथली मोफत जागा 5 जीबी आहे. जिल्ह्यात अँड्रॉइड फोन जास्त दिसतात, म्हणून पुढचा हिशेब त्याचाच आहे.

वर्षभरात कणगी कशी भरते?

पुन्हा गुरुजींच्या फोनकडे येऊ. केंद्राचा गट, तालुक्याचा गट, शालेय पोषण आहाराचा गट, पालकांचा गट, शाळा व्यवस्थापन समितीचा गट, डी.एड.च्या जुन्या मित्रांचा गट आणि भाऊबंदांचा गट, असे सात गट धरू. या सगळ्यांतून दिवसाला 40 फोटो येतात किंवा जातात. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, तेव्हा एक फोटो साधारण 200 केबीचा धरला तर 40 फोटोंचे 8 एमबी होतात. शिवाय दिवसाला तीन व्हिडिओ उघडले जातात. प्रत्येकी 8 एमबी धरले तर त्यांचे 24 एमबी होतात. म्हणजे दिवसाला 32 एमबी.

हा आकडा किरकोळ वाटतो. पण 365 दिवसांनी गुणला की 11.7 जीबी होतात. त्यात फोटो फक्त 2.9 जीबीचे आहेत, उरलेले 8.8 जीबी व्हिडिओंचे. गप्पांचा मजकूर यापुढे जवळजवळ नगण्य असतो. हजारो संदेशांचा मजकूरही काही व्हिडिओंइतकी जागा घेत नाही. जागा खातात ती माध्यमे.

आता लपलेला दुसरा खर्च पाहू. फोन नवा असताना गुगल फोटोजने विचारले होते की ‘WhatsApp Images’ या फोल्डरचाही बॅकअप घ्यायचा का. गुरुजींनी ‘हो’ दाबले होते. त्यामुळे तेच 2.9 जीबी फोटो दुसऱ्यांदा, या वेळी फोटोजच्या नावावर, त्याच खात्यात गेले. 11.7 मध्ये 2.9 मिळवले की 14.6 जीबी. उरलेले 0.4 जीबी जीमेलमधल्या परिपत्रकांच्या पीडीएफने भरले. बरोबर 15 जीबी. गुरुजींनी स्वतः ड्राइव्हवर एकही फाइल ठेवली नव्हती.

प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, पण घडते हेच. एकच फोटो दोनदा मोजला जातो आणि पाहून विसरलेला व्हिडिओ कायमचा जागा अडवून बसतो.

हे दिसत का नाही?

गुगल ड्राइव्ह उघडला तर तिथे व्हॉट्सॲपचा बॅकअप फाइल म्हणून दिसत नाही, कारण तो लपवलेल्या विभागात ठेवलेला असतो. पाहायचा असेल तर संगणकावर drive.google.com उघडून डावीकडच्या ‘Storage’ वर जावे आणि उजवीकडे वर ‘Backups’ निवडावे. तिथे व्हॉट्सॲपची ओळ दिसते, पण उघडून आतला एखादा फोटो काढता किंवा पुसता येत नाही. बॅकअप ठेवायचा तर सगळा, पुसायचा तर सगळा.

फोनवर सर्वांत सोपी खिडकी व्हॉट्सॲपमध्येच आहे. ‘Settings’, मग ‘Chats’, मग ‘Chat backup’. इथे तीन गोष्टी वाचाव्यात: शेवटचा बॅकअप कधी झाला, तो किती मोठा आहे आणि तो कुठल्या गुगल खात्यात जातो आहे.

तारीख सर्वांत महत्त्वाची. खात्यातली जागा संपली की नवा बॅकअप होत नाही. जुना तसाच राहतो आणि त्याचा भरघोस आकार पाहून सगळे सुरक्षित असल्याचा भास होतो. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात आणखी एक अडचण आहे. बॅकअप मुळात वायफायवरच व्हावा अशी व्यवस्था असते. ज्या घरात वायफाय नाही आणि मोबाइलची रेंजही टेकडीवर गेल्यावरच मिळते, तिथे बॅकअप महिनोन्‌महिने अडकून राहू शकतो. पाच महिन्यांहून जास्त काळ नवा न झालेला बॅकअप गुगल खात्यातून आपोआप काढून टाकला जाऊ शकतो.

खात्याचा पत्ताही तितकाच नीट वाचावा. नवा फोन घेताना दुकानदार घाईत नवे जीमेल खाते काढून देतो आणि त्याचा पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप मोबाइल क्रमांक आणि गुगल खाते या दोन्हींशी बांधलेला असतो. पुढच्या फोनवर तेच खाते उघडता आले नाही, तर बॅकअप असूनही नसल्यासारखाच.

साफ करण्यापूर्वीच्या तीन चुका

जागा संपल्याचे कळले की लोक साधारण तीनपैकी एक गोष्ट करतात आणि तिन्ही धोक्याच्या आहेत.

पहिली, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकणे. तसे केल्यावर व्हॉट्सॲप जुना बॅकअप शोधते. तो तीन महिन्यांपूर्वी अडकलेला असेल तर मधल्या काळातल्या गप्पा परत येण्याची खात्री नसते. फोनमध्येही मजकुराच्या रोजच्या प्रती असतात, पण त्या साधारण गेल्या सात दिवसांच्याच असतात आणि त्यांत फोटो किंवा व्हिडिओ नसतात.

दुसरी, ड्राइव्हमधला बॅकअपच पुसून टाकणे. जागा लगेच मोकळी होते हे खरे. पण त्या क्षणापासून सगळी भिस्त हातातल्या एका फोनवर असते. तो पाण्यात पडला किंवा बसमध्ये राहिला, तर काहीच उरत नाही.

तिसरी चूक सर्वांत फसवी आहे: गुगल फोटोज उघडून व्हॉट्सॲपचे फोटो भराभर पुसणे. फोटोजमध्ये नेहमीच्या पद्धतीने पुसलेला फोटो फक्त गुगलच्या खात्यातून जात नाही, फोनमधूनही जातो. मग व्हॉट्सॲपच्या गप्पेत त्याच्या जागी धूसर चौकट उरते. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, तेवढीच सवलत. ‘Free up space’ हे बटण याच्या उलट काम करते. ते फोनमधली प्रत काढते आणि गुगलवरची ठेवते. त्यामुळे खात्यातली जागा एक एमबीनेही कमी होत नाही, उलट व्हॉट्सॲपमधला मूळ फोटो जातो.

‘पुसलेला फोटो पुन्हा डाउनलोड करू’ हा भरवसाही ठेवू नये. आलेला फोटो एकदा फोनवर उतरला की तो व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर कायम राहत नाही. मग पाठवणाऱ्याकडेच पुन्हा मागावा लागतो.

आधी काढून ठेवा, मग पुसा

सुरक्षित क्रम जात्यावर दळण घालण्यासारखा आहे. आधी निवडणे, मग दळणे. गुरुजींच्या फोनवर तो असा चालेल.

सर्वप्रथम हवे ते बाहेर काढावे. शाळेची पाहणी, बांधकामाचे फोटो, मुलांचे दाखले, बियाण्याच्या पावत्या, घरातल्या लग्नाचे व्हिडिओ आणि आजीने पावरीत पाठवलेला आवाजी निरोप हे सगळे हव्या असलेल्यांत येते. आवाजी निरोप हमखास विसरले जातात, कारण ते गॅलरीत दिसत नाहीत. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये पुढचा पत्ता उघडला की सगळी माध्यमे फोल्डरवार सापडतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

त्यात ‘WhatsApp Images’, ‘WhatsApp Video’, ‘WhatsApp Documents’ आणि ‘WhatsApp Voice Notes’ असे फोल्डर असतात. आपण पाठवलेल्या फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांच्या प्रती आतल्या ‘Sent’ या फोल्डरमध्ये असतात. निवड करणे जड वाटत असेल तर अख्खा ‘Media’ फोल्डरच मेमरी कार्डवर, फोनला जोडता येणाऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा शाळेच्या संगणकावर घ्यावा. मात्र ‘कॉपी’ करावे, ‘मूव्ह’ करू नये. मूव्ह केले तर फाइल तिच्या जागेवरून हलते आणि गप्पेत सापडत नाही. कॉपी झाल्यावर चार-पाच फोटो, एक व्हिडिओ आणि एक आवाजी निरोप नव्या जागेवरून उघडून पाहावेत. उघडले तरच पुढची पायरी.

आता गाळणी. व्हॉट्सॲपमध्ये ‘Settings’, ‘Storage and data’, ‘Manage storage’ इथे जावे. वरच्या बाजूला अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. सुरुवात फॉरवर्डपासून करावी, कारण सुप्रभात, भाषणे आणि विनोद यांतच पडलेले असतात आणि तिथे पश्चात्तापाची वेळ सहसा येत नाही. मग मोठ्या फाइली आकारानुसार लावून एकेक पाहाव्यात. त्याखाली कोणत्या गटाने किती जागा घेतली याची उतरती यादी असते. बहुतेकांच्या फोनमध्ये वरचे दोन-तीन गटच निम्म्याहून जास्त जागा खातात. तेवढे साफ केले तरी बरेच काम होते. पुसताना सर्व प्रती काढण्याचा पर्याय विचारला गेला तर तोही निवडावा, नाहीतर तोच व्हिडिओ दुसऱ्या गटात शिल्लक राहतो.

इथे एक सावधगिरी हवी. ज्या गटात घरचे फोटो आणि फॉरवर्ड मिसळलेले आहेत, तिथे ‘सगळे निवडा’ दाबू नये. भाऊबंदांच्या गटात शंभर सुप्रभातांमध्ये एखाद्या गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो असतो.

तिसरी पायरी दुहेरी मोजणी थांबवण्याची. गुगल फोटोजच्या सेटिंगमध्ये ‘Backup’ खाली ‘Back up device folders’ आहे. तिथे ‘WhatsApp Images’ समोरचे बटण बंद करावे. यापुढचे फोटो दोनदा जाणार नाहीत. आधी गेलेले मात्र तिथेच राहतात. ते फोटोजमधून काढायचे असतील तर वर सांगितलेला धोका लक्षात ठेवून, पेन ड्राइव्हवरची प्रत तपासल्यावरच काढावेत.

चौथी पायरी अनेकजण विसरतात आणि मग ‘एवढे पुसले, तरी जागा तेवढीच’ म्हणतात. बॅकअप ही फोनची सावली आहे, पण तिला हलवावे लागते. फोनमध्ये पुसल्यावर नवा बॅकअप झाल्याशिवाय खात्यातला आकार कमी होत नाही. त्यासाठी ‘Chat backup’ मध्ये जाऊन आधी ‘Include videos’ बंद करावे आणि मग ‘Back up’ दाबावे. गुरुजींच्या हिशेबात या एका बटणाने 8.8 जीबी मोकळे होतात आणि 11.7 जीबीचा बॅकअप 2.9 जीबीवर येतो. किंमत एवढीच की यापुढे व्हिडिओ फक्त फोनमध्ये राहतील. फोन गेला तर तेही गेले. म्हणूनच हवे असलेले व्हिडिओ आधी पेन ड्राइव्हवर घेणे गरजेचे होते. खाते काठोकाठ भरल्यामुळे बॅकअपच होत नसेल, तर आधी जीमेलमधल्या मोठ्या जोडण्या काढून थोडी जागा करावी. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाइप केले की 10 एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात:

```
has:attachment larger:10M
```

ते पुसल्यावर जीमेलचा ट्रॅशही रिकामा करावा. तो रिकामा होईपर्यंत जागा सुटत नाही. शेवटी one.google.com/storage वर नवा आकडा पाहावा. तो बदलायला थोडा वेळ लागू शकतो, म्हणून लगेच पुन्हा पुसापुसी सुरू करू नये.

भरती पुन्हा होऊ नये म्हणून ‘Storage and data’ मधले आपोआप डाउनलोड बंद ठेवावे. मग हवा तोच फोटो दाबून उघडावा लागतो. त्याने खात्यातली जागा वाचते, तशीच रोजच्या डेटा पॅकचीही बचत होते.

कणगी कुणाची, धान्य कुणाचे?

इथपर्यंत सगळी जबाबदारी फोन धरणाऱ्यावर टाकली गेली. पण गुरुजींच्या सात गटांकडे पुन्हा पाहिले तर त्यातले पाच नोकरीचे किंवा शाळेचे आहेत. आहार शिजल्याचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, प्रभातफेरीचा फोटो, बैठकीचा फोटो, तोही तारीख-वेळेसह आणि गटावर टाकायचा. एका गटात पन्नास शाळा असतील तर प्रत्येक शाळेचा फोटो उरलेल्या एकोणपन्नास फोनमध्ये उतरतो आणि तिथून तितक्याच खासगी खात्यांत जातो. पाहायचा असतो तो एका अधिकाऱ्याला.

सरकारी कामाचा पुरावा कर्मचाऱ्याच्या खासगी, मोफत जागेत साठवला जातो आणि ती भरली की जागा विकत घेण्याची सूचनाही त्याच्याच फोनवर येते. ही व्यवस्था बरोबर नाही. ती पुरावा म्हणूनही कच्ची आहे. गुरुजींची बदली झाली, फोन बदलला किंवा साफसफाई झाली की शाळेचा त्या वर्षाचा दृश्य हिशेब नाहीसा होतो.

उपाय महागडा नाही. कार्यालयाच्या अधिकृत खात्याशी जोडलेला गुगल फॉर्म दिला तर त्यातून चढवलेला फोटो फॉर्मच्या मालकाच्या जागेत मोजला जातो, भरणाऱ्याच्या नाही. पन्नास प्रतींऐवजी एकच प्रत राहते आणि ती कार्यालयाकडे राहते. जिथे नेटवर्क अपुरे आहे तिथे रोज फोटो मागण्याऐवजी महिन्याच्या केंद्र बैठकीत पेन ड्राइव्हवर घेता येतील. गट सूचना देण्यासाठी ठेवावा, दप्तर म्हणून नव्हे.

कंपन्यांनाही एक गोष्ट विचारायला हवी. बॅकअप मोजायचा हा त्यांचा निर्णय आहे. पण मोजायचा असेल तर आत काय आहे ते दाखवावे आणि ‘हे 2.9 जीबी फोटो तुमच्या खात्यात दोनदा आहेत’ एवढे तरी सांगावे. आज जागा संपल्याचा इशारा येतो तेव्हा शेजारी ‘जागा विकत घ्या’ हा पर्याय ठळक असतो. दुहेरी मोजणी मात्र वापरणाऱ्याने स्वतः शोधून काढायची असते.

खाते मर्यादेच्या वर दोन वर्षे राहिले तर त्यातला मजकूर काढून टाकता येईल, असे गुगलचे धोरण सांगते. त्यामुळे ‘बघू नंतर’ म्हणण्याला मुदत आहे. आज रात्री ‘Chat backup’ उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख आणि खात्याचा पत्ता तेवढा वाचून घ्यावा. तारीख जुनी असेल, तर पुसण्याआधी पेन ड्राइव्ह शोधावा.